अंड्याच्या पांढऱ्यातला पेच: आकार बघायचा की भार?

कोंबडीच्या अंड्यातला पांढरा बलक पाहिला तर तो एकच एक पदार्थ वाटतो. प्रत्यक्षात त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते आणि उरलेल्यात अनेक प्रथिनांची गर्दी. निम्म्याहून जास्त वाटा ओव्हल्ब्युमिनचा. त्यानंतर लोहाला पकडून ठेवणारे ओव्होट्रान्सफेरिन आणि साखरेच्या साखळ्या अंगावर वागवणारे ओव्होम्युकॉइड. या मोठ्या मंडळींच्या मागे, एकूण प्रथिनांच्या जेमतेम साडेतीन टक्के, लायसोझाइम असते. जिवाणूंची भिंत फोडणारे हे प्रथिन अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनच्या आधी, १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला सापडले, तेही सर्दी झालेल्या नाकातल्या स्रावात. तेच अंड्यात भरपूर असते हे नंतर ध्यानात आले आणि बिचाऱ्या नाकांची सुटका झाली.

आता समजा एखाद्या प्रयोगशाळेला एका अंड्याच्या पांढऱ्यातून हे लायसोझाइम शुद्ध स्वरूपात काढायचे आहे. पांढरे साधारण ३० मिलिलिटर, त्यात सुमारे ३ ग्रॅम प्रथिने आणि त्या ३ ग्रॅमांत १०० मिलिग्रॅम लायसोझाइम. कपाटात दोन कॉलम तयार आहेत. एक साइझ एक्सक्लूजनचा, म्हणजे रेणूंच्या आकारावरून वेगळे करणारा. दुसरा आयन एक्सचेंजचा, म्हणजे रेणूंवरच्या विद्युतभारावरून वेगळे करणारा. आधी कोणता लावायचा?

पहिल्या कॉलमपासून सुरुवात करू. १९५९ मध्ये स्वीडनमधल्या उप्सालाच्या येरकर पोराथ आणि पेर फ्लोडिन यांनी ही पद्धत जगापुढे मांडली. डेक्स्ट्रान नावाच्या साखरेच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंफून त्यांनी बारीक मणी तयार केले होते. या मण्यांत अतिसूक्ष्म छिद्रे असतात. काचेच्या उभ्या नळीत असे मणी भरायचे, वरून प्रथिनांचे मिश्रण सोडायचे आणि मागून बफरचा संथ प्रवाह चालू ठेवायचा. पेठेतल्या मुख्य रस्त्याने जाणारी एसटी बोळात शिरू शकत नाही, म्हणून ती सरळ पुढे निघून जाते. सायकलवाला मात्र प्रत्येक बोळात डोकावत जातो आणि उशिरा पोहोचतो. मोठे रेणू असेच मण्यांच्या बाहेरून वाहत येतात आणि आधी बाहेर पडतात. लहान रेणू छिद्रांत आत-बाहेर करत रेंगाळतात आणि शेवटी येतात. गाळणीत लहान ते आधी खाली पडते, इथे नेमके उलटे होते. नवखे विद्यार्थी या ठिकाणी हमखास गोंधळतात.

या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे प्रथिन कशालाही चिकटत नाही. पीएच आणि मीठ प्रथिनाला मानवेल तसे ठेवता येते, त्यामुळे ते बिघडण्याची भीती कमी. दोषही त्याच गुणातून निघतो. काहीच चिकटत नसल्यामुळे सगळा खेळ एका ठराविक जागेत उरकावा लागतो. समजा कॉलममधल्या मण्यांच्या थराचे आकारमान १२० मिलिलिटर आहे. त्यातली सुमारे ४० मिलिलिटर जागा मण्यांच्या मधली, बाहेरची. म्हणजे सर्वांत मोठा रेणू ४० मिलिलिटर बफर वाहून गेल्यावर बाहेर येणार आणि सर्वांत लहान रेणू फार तर १२०च्या आत-बाहेर. सगळ्या प्रथिनांना आपापले वेगळेपण या ८० मिलिलिटरांतच दाखवायचे असते. शिवाय प्रत्येक पट्टा वाहता वाहता पसरतो. म्हणून दोन प्रथिने नीट सुटी व्हायची तर त्यांच्या वजनात साधारण दुपटीचा फरक लागतो. तीस आणि पस्तीस किलोडाल्टनची जोडी या कॉलमला एकच वाटते.

दुसऱ्या कॉलमचे तंत्र वेगळे आहे. प्रथिन ज्या अमिनो आम्लांचे बनते त्यांतली काही आजूबाजूच्या पीएचनुसार धन भार घेतात, काही ऋण. एका विशिष्ट पीएचला दोन्हींची बेरीज शून्य होते. त्याला त्या प्रथिनाचा समविद्युत बिंदू म्हणतात. प्रयोगशाळेत सगळे नुसते ‘पीआय’ म्हणतात. द्रावणाचा पीएच त्या बिंदूच्या वर असेल तर प्रथिन ऋणभारित, खाली असेल तर धनभारित. आयन एक्सचेंजच्या मण्यांवर कायमचे विरुद्ध भार बसवलेले असतात. ऋणभारित मणी धनभारित प्रथिनाला ओढून धरतात आणि बाकीचे सोडून देतात. या मण्यांना कॅटायन एक्सचेंजर म्हणायचे, कारण ते कॅटायन, म्हणजे धन आयन, अदलाबदलीला घेतात. मणी स्वतः ऋण असूनही नावात धन, हा या क्षेत्रातला जुना वैताग आहे. धनभारित मणी असले की तो अॅनायन एक्सचेंजर. अमेरिकेत पीटरसन आणि सोबर यांनी १९५०च्या दशकात सेल्युलोजवर असे भार बसवून प्रथिनांना झेपेल असे मवाळ साहित्य तयार केले. त्यांची डीईएई आणि सीएम ही नावे आजही बाटल्यांवर दिसतात.

धरलेले प्रथिन सोडवायला मीठ पुरते. बफरमध्ये साध्या मिठाचे प्रमाण हळूहळू वाढवत नेले की सोडियमचे आयन मण्यांवरच्या जागांसाठी प्रथिनाशी स्पर्धा करू लागतात. सैल धरलेले प्रथिन आधी सुटते, घट्ट धरलेले नंतर. या वाढत्या मिठाला ग्रेडियंट म्हणतात. ग्रेडियंट किती लांब आणि किती सावकाश ठेवायचा हे करणाऱ्याच्या हातात असते, म्हणून इथे आकाराच्या कॉलमसारखी ८० मिलिलिटरांची कुंपणे नाहीत.

आता पुन्हा अंड्याकडे. लायसोझाइमचे वजन सुमारे १४ किलोडाल्टन. ओव्होम्युकॉइड २८, ओव्हल्ब्युमिन ४५, ओव्होट्रान्सफेरिन ७७ च्या आसपास. हे आकडे बघून कुणालाही वाटेल की आकाराचाच कॉलम लावावा. १४ आणि २८ मध्ये दुपटीचा फरक आहे, मग अडचण काय?

अडचण आधी हिशेबाची आहे. आकाराच्या कॉलमवर एका वेळी मण्यांच्या आकारमानाच्या चार टक्क्यांच्या वर नमुना घालू नये. बारीक फरक हवा असेल तर त्याहूनही कमी. १२० मिलिलिटरच्या कॉलमला म्हणजे फार तर ५ मिलिलिटर. पांढरा बलक आहे तसा घालताही येत नाही. तो इतका दाट असतो की पातळ बफरमधून खाली जाताना त्याचा पट्टा सरळ राहत नाही, बोटांसारखे फाटे फुटतात आणि सगळ्या प्रथिनांचे पट्टे वेडेवाकडे होतात. म्हणून तो निदान तिप्पट पातळ करायचा. झाले ९० मिलिलिटर. पाच पाच मिलिलिटर करत अठरा खेपा. मिनिटाला १ मिलिलिटर या नेहमीच्या वेगाने एका खेपेला दोन तास, म्हणजे छत्तीस तास कॉलम चालवायचा. तोही एका अंड्यासाठी.

एवढे करूनही लायसोझाइम शुद्ध मिळेल याची खात्री नाही. लायसोझाइम प्रचंड धनभारित असते आणि शेजारची बहुतेक प्रथिने ऋणभारित. मीठ कमी असेल तर ते ओव्होम्युसिनला, ओव्होट्रान्सफेरिनला बिलगते आणि त्यांच्याबरोबर फार लवकर बाहेर येते. उलट काही मण्यांवर मुळात थोडासा ऋण भार असतो. त्याला लायसोझाइम चिकटले तर ते इतके उशिरा येते की लहानात लहान रेणूच्याही मागे पडते. आकाराच्या कॉलममधून एखादे प्रथिन एकूण आकारमानाच्याही नंतर बाहेर पडले, तर तो आकाराचा परिणाम नव्हे हे ओळखावे. ते वाटेत कशाला तरी चिकटले होते. यावर उपाय म्हणजे बफरमध्ये ०.१५ मोलर मीठ घालणे. बहुतेक प्रयोगशाळा डोळे झाकून तेवढे घालतात, आणि ते योग्यच आहे.

आणखी एक खोच ओव्होम्युकॉइडची. आकाराचा कॉलम वजन मोजत नाही. रेणू पाण्यात किती जागा अडवतो ते त्याला कळते. ओव्होम्युकॉइडच्या वजनातला पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त साखरेच्या साखळ्यांचा असतो. त्या साखळ्या पाण्यात पसरतात, म्हणून २८ किलोडाल्टनचे हे प्रथिन त्याहून बरेच मोठे असल्यासारखे वागते आणि ओव्हल्ब्युमिनच्या पट्ट्यात घुसते. कागदावर सुटी दिसणारी ही दोन प्रथिने कॉलमवर एकमेकांत मिसळतात.

भाराच्या बाजूने पाहिले तर चित्र फार सोपे होते. ओव्हल्ब्युमिनचा पीआय साडेचारच्या आसपास, ओव्होम्युकॉइडचा चारच्या जवळ, ओव्होट्रान्सफेरिनचा सहाच्या थोडा पुढे. लायसोझाइमचा जवळजवळ अकरा. मध्ये मोठी मोकळी जागा आहे. पीएच ७.५ ठेवला की ही तिन्ही मोठी प्रथिने ऋणभारित होतात आणि लायसोझाइम ठसठशीत धनभारित राहते. कॅटायन एक्सचेंजरवर हे मिश्रण सोडले तर लायसोझाइम अडकेल आणि ३ ग्रॅमांतले बहुतेक सगळे सरळ वाहून जाईल. निवडीचा खरा निकष इथे दिसतो. हवे असलेले प्रथिन शेजाऱ्यांपेक्षा कोणत्या गुणात सर्वांत दूर आहे ते पाहायचे आणि तो गुण ओळखणारा कॉलम आधी लावायचा. आकारात लायसोझाइम शेजाऱ्यांपासून दुपटीच्या अंतरावर आहे. भारात ते एकटेच पलीकडच्या तीरावर उभे आहे.

पीएच ७.५ च का, सहा का नाही? सहाला ओव्होट्रान्सफेरिन आपल्या पीआयच्या इतके जवळ येते की त्याचा भार शून्याभोवती घोटाळतो. काही रेणू मण्यांना चिकटतात, काही नाही, आणि पट्टा लांबच लांब शेपूट सोडतो. पीआयपाशी प्रथिने एकमेकांना चिकटून साक्याच्या रूपात खाली बसण्याचीही भीती असते. निदान एका अंकाचे अंतर ठेवावे असा शिरस्ता त्यामुळेच पडला आहे. दुसऱ्या टोकाला, पीएच दहा ठेवला तर लायसोझाइमचाच धन भार कमी होऊन पकड ढिली पडेल. पांढऱ्याचा स्वतःचा पीएच ताज्या अंड्यात साडेसात-पावणेआठ असतो. अंडे जुने होत जाते तसा त्यातला कार्बन डायऑक्साइड कवचातून निघून जातो आणि पीएच नऊच्या वर चढतो. म्हणून बाजारातून आणलेल्या अंड्यावर भरवसा न ठेवता पीएच मोजून घ्यायचा.

कृती अशी. पांढरा बलक चौपट होईल इतक्या २० मिलिमोलर फॉस्फेट बफरमध्ये हळूहळू ढवळायचा. फेस होऊ द्यायचा नाही, कारण फेसाच्या पृष्ठभागावर प्रथिने उलगडतात आणि निकामी होतात. पातळ केल्यावर ओव्होम्युसिनचे पांढरे तंतू दिसू लागतात. ते मलमलीतून गाळायचे आणि उरलेला गढूळपणा सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून खाली बसवायचा. हे टाळले तर कॉलमचे तोंड तासाभरात बंद होते आणि दाब चढतो. आता मिठाचे प्रमाण ठरवायचे. मीठ अजिबात नसेल तर लायसोझाइम ऋणभारित शेजाऱ्यांना बिलगून त्यांच्यासह वाहून जाऊ शकते. जास्त असेल तर ते मण्यांनाच चिकटणार नाही. सुमारे ०.०५ मोलर मीठ इथे मधला मार्ग ठरतो, कारण लायसोझाइमची पकड इतकी घट्ट असते की एवढ्याशा मिठाने ती सुटत नाही. हेच दुबळ्या भाराच्या प्रथिनाबाबत केले तर ते नक्कीच हातचे जाईल.

मग सुमारे १२० मिलिलिटर द्रावण १० मिलिलिटर मण्यांच्या छोट्या कॉलममधून जाऊ द्यायचे. आजच्या चांगल्या मण्यांत प्रत्येक मिलिलिटरमागे काही दशके मिलिग्रॅम लायसोझाइम मावते, म्हणजे १०० मिलिग्रॅमांसाठी १० मिलिलिटर मणी भरपूर झाले. कितीही मोठे आकारमान असले तरी चालते, वेळ तेवढा लागतो. बाहेर येणाऱ्या द्रवाची २८० नॅनोमीटरला प्रकाशशोषणाची रेघ आधी आकाशाला भिडते. ही न चिकटलेली ओव्हल्ब्युमिन आणि मंडळी. बफरने धुऊन रेघ खाली आली की मीठ वाढवायला सुरुवात. ते ०.५ मोलरपर्यंत चढवत नेले की लायसोझाइमचा उंच सुबक उंचवटा दिसतो. १२० मिलिलिटरमध्ये विरलेले प्रथिन साधारण १५-२० मिलिलिटरमध्ये गोळा झालेले असते. धरून ठेवणाऱ्या कॉलमचा हा मोठा फायदा. आकाराचा कॉलम प्रथिन नेहमी आणखी पातळ करून परत देतो.

नेहमीच्या चुका इथेही आहेत. सर्वांत सामान्य चूक म्हणजे नमुन्यात आधीचे मीठ राहणे. एखाद्याने प्रथिने अमोनियम सल्फेटने साकळवून घेतली आणि तशीच कॉलमवर घातली, तर काहीच चिकटत नाही. सगळे पहिल्याच उंचवट्यात निघून जाते आणि कॉलम बिघडला असे वाटते. कॉलमला दोष देण्याआधी नमुन्याची विद्युतवाहकता मोजावी, ती बहुतेक वेळा खरे सांगते. गंमत म्हणजे हे मीठ काढायला जो छोटा कॉलम वापरतात, तो आकाराचाच असतो. प्रथिन मोठे, मिठाचे आयन अगदी लहान. इतका फरक असला की कॉलमच्या पाव हिश्श्याएवढा नमुनाही एका खेपेत चालतो. युरोपात चीजमध्ये वायू धरू नये म्हणून लायसोझाइम घालतात. खाद्यपदार्थांच्या यादीत त्याचा क्रमांक ई ११०५ आहे. कारखान्यात ते काढताना कॅटायन एक्सचेंजरच वापरतात, कारण मणी पांढऱ्यात ढवळून लायसोझाइम धरता येते आणि उरलेला बलक बेकरीसारख्या उद्योगांकडे जातो. त्या प्रमाणावर आकाराचा कॉलम लावायचा विचार कुणी करणार नाही.

मग आकाराचा कॉलम कपाटातच ठेवायचा का? नाही, कारण लायसोझाइमबरोबर एक लपून बसलेला पाहुणा आलेला असतो.

पांढऱ्यात अॅव्हिडिन नावाचे आणखी एक प्रथिन असते, एकूण प्रथिनांच्या अवघे ०.०५ टक्के. एका अंड्यात दीड मिलिग्रॅम म्हणा. बायोटिन या जीवनसत्त्वाला ते इतके घट्ट धरते की कच्चे अंडे सतत खाणाऱ्या प्राण्यांना त्या जीवनसत्त्वाची कमतरता जाणवू लागते. पण इथे महत्त्वाचे ते त्याचे पीआय: सुमारे दहा. म्हणजे पीएच ७.५ ला तेही धनभारित, तेही त्याच मण्यांना चिकटणार. ग्रेडियंट फार सावकाश चढवला तर दोघांत काही फरक पडेल, पण लायसोझाइम अॅव्हिडिनच्या साठ-सत्तर पट आहे. एवढ्या मोठ्या उंचवट्याच्या पायथ्याशी इतका छोटा उंचवटा वेगळा दिसत नाही. २८० नॅनोमीटरची रेघ एकच सुबक शिखर दाखवते आणि करणारा समाधानाने घरी जातो. शिखर एकच दिसले म्हणून प्रथिनही एकच आहे असे समजण्याची चूक इथे फार होते.

नेहमीची शुद्धतेची तपासणी म्हणजे एसडीएस-पेज जेल. त्यात प्रथिने उकळून उलगडतात आणि वजनाप्रमाणे पट्टे पडतात. पण अॅव्हिडिन चार सारख्या तुकड्यांचे बनलेले असते. उकळल्यावर ते सुटतात आणि प्रत्येक तुकडा सुमारे १६ किलोडाल्टनचा. लायसोझाइम १४. जेलवर हे दोन पट्टे शेजारी-शेजारी पडतात, आणि लायसोझाइमचा पट्टा जाड असेल तर त्यात अॅव्हिडिनचा फिकट पट्टा बुडून जातो. जेल खोटे बोलत नाही, पण इथे त्याचा उपयोग कमी.

न उकळलेल्या, अखंड स्थितीत मात्र अॅव्हिडिनचे चारही तुकडे एकत्र असतात आणि त्याचे वजन ६७ किलोडाल्टनच्या आसपास भरते. लायसोझाइमच्या जवळजवळ पाचपट. भारात दोघे इतके सारखे, आकारात इतके वेगळे. इथे आकाराच्या कॉलमची पाळी आली. आता परिस्थितीही त्याला सोयीची आहे. द्रावण १५-२० मिलिलिटरचे आहे, छोट्या सेंट्रिफ्यूज गाळणीने ते ५ मिलिलिटरवर आणता येते. त्यात मीठ आधीच भरपूर आहे, आणि आकाराच्या कॉलमला त्याचे काही वाटत नाही, उलट थोडे मीठ हवेच असते. म्हणजे मध्ये मीठ काढायची वेगळी पायरी नको. उलट क्रमाने, आधी आकार आणि मग भार असे केले असते, तर अठरा खेपा, पातळ झालेले द्रावण आणि त्यातले मीठ काढण्याचा खटाटोप, हे सगळे आधी पदरात पडले असते.

यासाठी ३ ते ७० किलोडाल्टनच्या प्रथिनांकरिता बनवलेल्या सुपरडेक्स ७५ सारखे मणी योग्य. अॅव्हिडिन पुढच्या भागात येते, लायसोझाइम बरेच मागून, मध्ये रेघ जमिनीला टेकते. मग दोन्हींची ओळख पटवायची. ढगाळ दिसणाऱ्या जिवाणूंच्या द्रावणात लायसोझाइम घातले की काही मिनिटांत ते स्वच्छ होऊ लागते, कारण जिवाणूंच्या भिंती फुटतात. हे ४५० नॅनोमीटरला मोजता येते. अॅव्हिडिनला बायोटिनसारख्या एका रंगद्रव्याने ओळखतात. ते चिकटले की द्रावणाचा रंग बदलतो. शेवटच्या टप्प्यात मिळणारे लायसोझाइम सुरुवातीच्या १०० मिलिग्रॅमांपेक्षा कमीच भरते. प्रत्येक गाळणीत, प्रत्येक कॉलमच्या कडेला थोडे राहून जाते.

आकाराचा कॉलम जिथे पहिला आणि कधी कधी एकमेव पर्याय ठरतो, त्या प्रसंगांत फरक आकाराचाच असतो. औषध म्हणून दिल्या जाणाऱ्या अँटिबॉडी १५० किलोडाल्टनच्या असतात. साठवणीत त्यातल्या काही दोन-दोन जोडीने चिकटतात आणि ३०० किलोडाल्टनचे गाठोडे तयार होते. शरीराची प्रतिकारशक्ती अशा गाठोड्यांवर उठू शकते, म्हणून प्रत्येक तुकडीत त्यांचे प्रमाण मोजावे लागते. एकाच प्रथिनाच्या दोन प्रती जोडल्या तर प्रत्येकीचा पीआय जवळपास तोच राहतो, वजन मात्र दुप्पट. भाराचा कॉलम इथे कधी मदत करतो, कधी अडखळतो. आकाराचा कॉलम मात्र फरक सरळ दाखवतो. याच कारणाने औषधांच्या प्रमाणीकरणात तो घट्ट बसला आहे. पण ती मोजणी असते, उत्पादन नव्हे. काही मायक्रोलिटर नमुन्यात काम भागते आणि आकारमानाचा प्रश्नच येत नाही.

याच्या नेमके उलट उदाहरण महाराष्ट्रातल्या आरोग्यसेवेत रोज घडते. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार अशा जिल्ह्यांत, विशेषतः आदिवासी समाजांत, सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणात आढळतो. नेहमीच्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असते. सिकलसेलच्या हिमोग्लोबिनमध्ये तिथे व्हॅलिन येते. अख्खा रेणू ६४ किलोडाल्टनच्या वर, आणि या बदलाने वजनात काही दशक डाल्टनचाच फरक पडतो. जगातला कोणताही आकाराचा कॉलम या दोघांना ओळखू शकत नाही. पण ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो आणि व्हॅलिनवर नसतो. दोन बीटा साखळ्या, म्हणून प्रत्येक रेणूमागे दोन ऋण भार गेले. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये विद्युत क्षेत्रात हे दोन हिमोग्लोबिन वेगळ्या वेगाने सरकतात हे दाखवले तेव्हा हाच भार वापरला होता.

आज त्याची जागा मोठ्या रुग्णालयांत कॅटायन एक्सचेंज एचपीएलसीने घेतली आहे. आधी गावपातळीवर विद्राव्यतेची साधी चाचणी करतात. ती सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते; माणूस वाहक आहे की रुग्ण, ते सांगत नाही. मग रक्ताचा थेंब यंत्रात जातो आणि सहा-सात मिनिटांत आलेख येतो. नेहमीचे हिमोग्लोबिन आधी सुटते. सिकल हिमोग्लोबिन, ऋण भार गमावल्यामुळे, ऋणभारित मण्यांना जास्त घट्ट धरून राहते आणि मागून येते. वाहकात दोन्ही शिखरे दिसतात. रुग्णात नेहमीचे शिखर गायब असते. मधुमेहींचे तीन महिन्यांच्या साखरेचे ‘एचबीए१सी’ हे मोजमापही पुष्कळ ठिकाणी याच तत्त्वावर करतात. ग्लुकोज साखळीच्या टोकाशी जोडले गेले की तिथला धन भार कमी होतो आणि ते हिमोग्लोबिन किंचित आधी सुटते. एवढ्याशा साखरेने आकार बदलला असे म्हणण्यात अर्थ नाही.

या परीक्षेची मर्यादाही भाराचीच आहे. बंगाल-आसामकडे आढळणारे हिमोग्लोबिन ई आणि सगळ्यांच्या रक्तात थोडे असणारे हिमोग्लोबिन ए२, या दोघांचा भार नेहमीच्या कॉलमवर इतका जवळचा असतो की ते एकाच जागी येतात. तिथे शिखराच्या उंचीवरून आणि दुसऱ्या पद्धतीने खात्री करावी लागते. त्याहून रोजची अडचण म्हणजे नुकतेच रक्त चढवलेला रुग्ण. त्याच्या नमुन्यात दात्याचे नेहमीचे हिमोग्लोबिन मिसळलेले असते, आलेख वाहकाचा दिसतो आणि माणूस प्रत्यक्षात रुग्ण असतो. म्हणून नमुना घेणाऱ्याने ‘मागच्या तीन महिन्यांत रक्त चढवले होते का’ हा प्रश्न विचारून उत्तर अर्जावर लिहून ठेवायचे असते. कॉलम कितीही चांगला असला तरी त्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडून मिळत नाही.